मामांचे गुडघे आणि बिनतेलाचे बटाटे

पातळ पिठात बुडवलेला पदार्थ एअर फ्रायरमध्ये ठेवू नये, असं त्या यंत्राच्या पुस्तिकेत चौथ्या पानावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं. भाच्याने पुस्तिका तिसऱ्या पानापर्यंत वाचली होती. पुढे सगळी काळजीच घ्यायला सांगितलेली दिसत होती, आणि काळजी घ्यायला तो स्वतः हजर होताच.

त्याने मामींकडून पीठ सैलसर कालवून घेतलं, कांद्याच्या गोल चकत्या त्यात बुचकळल्या, जाळीच्या टोपलीत एकीशेजारी एक मांडल्या आणि टोपली ढकलून कळ दाबली. "आता बघा मामी," तो म्हणाला, "एक थेंब तेल नाही, आणि कुरकुरीत अशा होतील की आवाज खालच्या मजल्यावर जाईल."

पीठ चकतीला धरून राहील अशी भाच्याची समजूत होती. पिठाची तशी काही समजूत नव्हती. उकळत्या तेलात पडलेलं पीठ क्षणात आखडतं आणि चकतीभोवती कवच धरतं. इथे तेलच नव्हतं, नुसता गरम वारा होता आणि तोही सुसाट. अर्धं पीठ टोपलीच्या भोकांतून खालच्या तबकात ठिबकलं. उरलेल्यातलं काही पंख्याने वर उडवलं, ते तापलेल्या तारेवर जाऊन बसलं आणि जळायला लागलं. यंत्राच्या मागच्या बाजूने आधी धुराची एक बारीक रेघ निघाली, मग रेघेचा पट्टा झाला, आणि मग मामींनी खिडकी उघडली. टोपली बाहेर काढली तेव्हा कांद्याच्या चकत्या आंघोळीहून आल्यासारख्या उघड्या होत्या आणि पिठाचा एक ठिपकेदार पापड तबकाला घट्ट चिकटला होता.

बाहेरच्या खोलीतून मामांचा आवाज आला, "साहेब, झालं का? की अजून थोडं जळायचं बाकी आहे?"

मामा त्याला साहेब म्हणत, कारण तो वजनमापे खात्यात निरीक्षक होता. दुकानोदुकानी जाऊन काटे तपासायचे, वजनं खरी आहेत की तळाशी पोखरलेली हे बघायचं आणि दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळवायचं, हे त्याचं काम. सगळ्या बाजारपेठेचा काटा सरळ करणारा माणूस घरातला एक काटा खाली आणायला निघाला होता. तो काटा मामांच्या वजनाचा होता, आणि त्याच्यावर मामांचे दोन्ही गुडघे टांगलेले होते.

मामा शिंपी. घर वरच्या मजल्यावर, दुकान बरोबर त्याच्या खाली, मध्ये एक अरुंद जिना. उभं आयुष्य पायाने चालवायच्या मशीनवर गेलं. विजेची मोटर बसवून घ्या असं सगळे सांगत, मामा म्हणत, "मोटर पळते, मी शिवतो. दोघांचं पटायचं नाही." पायपट्टी हलवून हलवून गुडघ्यांची वाटी झिजली की मामींच्या हातचं खाऊन वाढलेल्या वजनाने, यावर डॉक्टर आणि मामा यांच्यात मतभेद होते; पण गुडघे गेले याबद्दल दोघांचं एकमत होतं. गेल्या कित्येक महिन्यांत डॉक्टरांकडे जाण्याखेरीज मामा जिना उतरले नव्हते. खाली दुकान बंद, मशीनवर चादर, आणि वर मामा खिडकीशी खुर्ची टाकून रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या पाठी बघत बसलेले. मधूनच म्हणत, "तो बघ. डावा खांदा उतरलाय. कोणी शिवला काय माहीत." एवढंच त्यांचं शिवणकाम उरलं होतं.

गिऱ्हाईकांत मामा लोकप्रिय होते ते कापडापेक्षा टेपमुळे. कमरेचं माप घेताना ते टेपखाली दोन बोटं घालून जरा सैल धरत, पण तोंडाने आकडा मात्र इंचभर कमी सांगत. गिऱ्हाईक खूश होऊन पोट आणखी आत ओढी. शिवताना मामा मनातल्या खऱ्या मापानेच शिवत. भाच्याने खात्यात लागल्यावर एकदा त्यांना गंभीरपणे समज दिली होती की हे माप दडवणं आहे. मामा म्हणाले, "कापड दडवलं तर गुन्हा. पोट दडवलं तर धंदा."

असे हे मामा. त्यांना गुडघे बदलून हवे होते. डॉक्टर तयार होते, पण अट घातली होती : सहा किलो उतरवा, मग तारीख देतो. एवढ्या वजनाखाली नवा गुडघा टाकणं म्हणजे नव्या चपला घालून चिखलात उभं राहणं, असं काहीसं ते म्हणाले. आणि निघताना विचारलं, "तळलेलं किती खाता?"

मामा म्हणाले, "फार नाही."

मामी म्हणाल्या, "रोज."

मामांचं तळलेलं म्हणजे बटाटा. बोटाएवढ्या लांब फोडी, मामींनी कढईत तळलेल्या, वर मीठ आणि तिखट, दुपारच्या चहाबरोबर. दुकान चालू होतं तेव्हा मामी बशी घेऊन जिना उतरत. वास आला की मामा मशीन थांबवत आणि समोर माप द्यायला उभं असलेलं गिऱ्हाईकही बशीत हात घाली. संसारात दोघांचं कशावरून फारसं वाजलं नाही, त्याचं श्रेय मामा त्या बशीला देत. डॉक्टरांकडून आल्या दिवशी मामींनी कढई घासली, पुसली आणि फडताळात सगळ्यात वर ठेवली. दोघंही दिवसभर एकमेकांशी जपून बोलले.

आणि तिथे भाचा शिरला. काखेत खोकं, ओठांवर उपाय.

पिठाच्या प्रकाराने यंत्राची अब्रू पहिल्याच दिवशी गेली होती, ती त्याने पुढच्या दिवशी बटाट्यावर परत मिळवायची ठरवलं. या वेळी मात्र त्याने पुस्तिका शेवटपर्यंत वाचली. फोडी पाण्यात भिजत घालून वरची खळ काढली, फडक्यावर पसरून कोरड्या केल्या, दोन चहाचे चमचे तेल वर चोळलं, टोपलीत गर्दी न करता पसरल्या आणि अर्ध्या वाटेवर एकदा टोपली बाहेर ओढून हलवली. कढईत जे काम सात-आठ मिनिटांत होतं त्याला इथे वीसच्या वर लागली. तेल फोडीला चोहोबाजूंनी मिठी मारतं. वारा तितका प्रेमळ नसतो. पण फोडी सोनेरी झाल्या. कडा कुरकुरीत, आत मऊ. भाच्याने त्या बशीत ओतल्या आणि नवा बिल्ला मिळालेल्या शिपायासारखा ताठ उभा राहून मामांसमोर धरल्या.

मामांनी एक उचलली. चावली. छताकडे पाहिलं. दुसरी उचलली.

"कसं आहे?"

"शिलाई चांगली आहे," मामा म्हणाले. "अस्तर नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे वरून झकास. आत गेलं की कोरडं. घास फिरवावा लागतो." मग भाच्याचा चेहरा पाहून म्हणाले, "पण चांगलं आहे रे. औषध म्हणून फारच चांगलं."

मामींनी एक खाऊन पाहिली. "बटाटा भाजल्यासारखा लागतो," त्या म्हणाल्या. "वाईट नाही. तळल्यासारखा नाही, एवढंच."

भाच्याने त्यांना आकडे सांगितले. एक ग्रॅम तेल म्हणजे नऊ कॅलरी, पिठाच्या किंवा साखरेच्या दुपटीहून जास्त. कढईतल्या फोडी किती तेल पितात आणि या किती, त्याचा तक्ता त्याने कुठूनतरी मोबाईलवर आणला होता. "मामा, हे जवळजवळ बिनतेलाचं आहे. बिनधास्त खा."

बिनधास्त खा, हे शब्द त्याने स्वतःच्या तोंडाने, साक्षीदारांसमोर उच्चारले. पुढे हे शब्द त्याला बरेच दिवस पुरले.

मग रोजचा नेम सुरू झाला. कचेरी सुटली की भाचा थेट मामांकडे. मामींना त्या टोपलीची भीती वाटे, म्हणून यंत्र तोच चालवी. टोपली लहान, एका वेळी एका माणसाचं भागेल एवढीच. मामांच्या एका बशीला दोन घाणे लागत. पहिला घाणा गरम असतानाच मामा संपवत, तोवर दुसरा निघे, आणि दुसरा निघेपर्यंत पहिल्याची आठवण पुसली जाई. "बिनतेलाचं आहे ना?" मामा दरवेळी खात्री करून घेत. "आहे," भाचा म्हणे. "मग लाव अजून एक." तो लावी. शास्त्राच्या सेवेत कंजुषी कशाला?

आणि कोरडेपणावरही त्यानेच तोड काढली. चौथ्या का पाचव्या दिवशी मामा तिसऱ्या बशीला म्हणाले, "घसा कोरडा पडतो बुवा." भाच्याला वाईट वाटलं. माणूस एवढा त्याग करतोय, त्याला सोबत काहीतरी नको? दुसऱ्या दिवशी तो मेयोनीजची मोठी बाटली घेऊन आला. पांढरी, गुळगुळीत, चमच्याला धरून राहणारी. मामांनी फोड तिच्यात बुडवली, तोंडात टाकली, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू आलं.

"आलं की रे अस्तर!" मामा म्हणाले.

भाचाही बुडवून खात असे. परीक्षकाने चव घेतली नाही तर तपासणी पुरी कशी होणार?

कधी मामींना बटाटे चिरायला वेळ नसे, तेव्हा तो थंडगार पाकिटातल्या तयार फोडी आणी. त्या यंत्रात फार सुरेख होत, घरच्यापेक्षा कितीतरी कुरकुरीत. त्या कारखान्यातून आधीच अर्धवट तळून येतात, म्हणूनच त्या इतक्या सुरेख होतात, हे पाकिटाच्या मागे लिहिलेलं असतं. भाचा पाकिटाची पुढची बाजू वाचणाऱ्यांपैकी. दुसऱ्यांच्या पाकिटांवरची बारीक अक्षरं भिंगाने वाचण्याचा त्याला पगार मिळे. घरी तो बिनपगारी होता.

ठरल्या वेळी तिघं डॉक्टरांकडे गेले. मामांना जिन्यावरून खाली उतरवायला अर्धा तास लागला, दर पायरीला ते थांबत आणि म्हणत, "पुढच्या वेळी मी तुम्हाला धरून उतरवीन." भाचा मागे, मामी पुढे. डॉक्टरांच्या खोलीत मामा छाती काढून काट्यावर उभे राहिले. भाच्याने खात्याच्या सवयीने आधी काटा शून्यावर आहे ना ते पाहिलं. होता. काटा खरा होता. दुर्दैवाने फारच खरा होता.

दीड किलो वाढलं होतं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तळलेलं बंद केलं होतं ना?"

"संपूर्ण बंद," मामी म्हणाल्या. "कढई वरून खाली काढलेली नाही."

"मग काय खाल्लंत?"

मामांनी भाच्याकडे बोट केलं. "ह्यानं दिलं ते."

डॉक्टरांनी तारीख दिली नाही. म्हणाले, या वर्षीची यादी दोन महिन्यांनी भरते, त्याआधी उतरलं तर बघू. परत येताना जिना चढायचा होता. मामा निम्म्यावर पायरीवरच बसले. वर घर, खाली दुकानाचं बंद दार. ते बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिले आणि पहिल्यांदाच काही विनोद केला नाही. भाच्याला वाटलं, या क्षणी ते यंत्र आपल्या डोक्यात घातलं तर बरं होईल. मग आठवलं की त्यालाही आधी तापवावं लागतं.

रात्री त्याने घरी बायकोला सगळं सांगितलं. बायको शाळेत विज्ञान शिकवायची. ती ऐकून घेत होती, आणि तिची नजर हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरून खाली, शर्टाच्या शेवटच्या बटणावर आली.

"तुमचं किती वाढलं?"

"माझा काय संबंध?"

"बटण सांगतंय."

रविवारी त्याने प्रयोग मांडला. यंत्र दोषी की आणखी कोणी, याचा निकाल आता काट्यावरच लावायचा. त्याने खात्यातला नव्हे, पण खात्याच्या तोडीचा स्वतःचा डिजिटल काटा मामांकडे नेला, आणि बरोबर बायकोलाही. मामींनी कढई खाली काढली. ती काढताना त्यांचा चेहरा माहेरचं माणूस भेटल्यासारखा झाला, आणि मामांनी खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ओढून घेतली. अर्धा किलो सोललेल्या बटाट्याच्या फोडी. मोजल्या, कढईत तळल्या, पुन्हा मोजल्या.

भाचा काट्याकडे बघत राहिला. मग त्याने काटा उचलून झटकला. मग पुन्हा मोजलं.

"मामी," तो म्हणाला, "तीनशेच भरल्या. तळल्यावर दोनशे ग्रॅम कमी झालं! म्हणजे कढईत तेल जातच नाही आत. उलट काहीतरी बाहेर येतं!"

मामा खुर्चीत ताठ झाले. "म्हणजे कढईच बरी?"

"काटा तरी तसंच सांगतोय."

"मग एवढे दिवस मी ते औषध काय म्हणून..." मामांनी बशीकडे हात नेला.

"थांबा," बायको म्हणाली. ती कट्ट्याला टेकून सगळं बघत होती. "फोडी कढईत टाकल्या तेव्हा इतके बुडबुडे कसले येत होते?"

"तेलाचे," भाचा म्हणाला.

"तेलाला बुडबुडे कुठून येणार? बटाट्यातलं पाणी वाफ होऊन जातंय. चारातले तीन भाग पाणीच असतं बटाट्यात. दोनशेहून जास्त पाणी गेलं, आणि थोडं तेल आत आलं. वजाबाकी तुम्ही बघताय. बटाटा मोजू नका. तेल मोजा."

वजनमापे खात्याच्या निरीक्षकाने घरातला पहिलाच माल चुकीच्या ताटलीत मोजला होता. एखाद्या दुकानदाराने हे केलं असतं तर त्याने त्याला कलमं ऐकवली असती. स्वतःला कुठलं कलम लावावं हे त्याला सुचेना, तेव्हा तो मुकाट्याने दुसरी तेलाची बाटली उघडायला गेला.

पुन्हा सुरुवात. तेल मोजून कढईत घातलं, अर्धा किलो फोडी तळल्या, झाऱ्याने नीट निथळल्या, तेल थोडं निवू दिलं आणि पुन्हा मोजलं. चाळीस ग्रॅमच्या आसपास कमी भरलं. त्यात थोडं कट्ट्यावर उडालेलंही धरायला हवं, असं बायको म्हणाली. चाळीस ग्रॅम म्हणजे साडेतीनशे कॅलरी, सगळ्या घाण्याला मिळून. यंत्रासाठी तेवढ्याच फोडींना मिळून दहा ग्रॅम तेल चोळलेलं, म्हणजे नव्वद.

"म्हणजे वाचतंय," भाचा खुलला. "वाचतंय की नाही? अडीचशेहून जास्त!"

"चौघांत मिळून," बायको म्हणाली. "माणशी साठ-सत्तर."

मग मामींनी तव्यावर थोड्या तेलात काप करून दाखवले, कारण तेवढ्या तेलात काय बिघडतं, हा त्यांचा जुना दावा होता. पहिल्या तव्याला त्यांनी घाईने तेल तापायच्या आतच काप टाकले. ते तव्यावर बसून आरामात तेल पीत राहिले, मामींना दोनदा वरून सोडावं लागलं, आणि शेवटी हिशेब केला तेव्हा तव्याने जवळजवळ कढईएवढंच घेतलं होतं. दुसऱ्या वेळी तवा चांगला तापवला, तेव्हा बरंच कमी लागलं. मामी स्वतःवरच रागावल्या. "इतकी वर्षं मी तव्याचं म्हणून निर्धास्त होते," त्या म्हणाल्या. "तव्यात तेलाची पातळी दिसत नाही ना, म्हणून."

बायकोने एक गोष्ट आणखी दाखवली. कढईतून काढलेल्या फोडी तशाच गरम ढिगात ठेवल्या, आणि काही लगेच कागदावर पसरून टिपल्या. "तेलात असताना वाफ बाहेर ढकलत असते, तेव्हा तेल फारसं आत शिरत नाही," ती म्हणाली. "बाहेर काढली, वाफ निवली, की वरचं तेल ती फोड आत ओढून घेते. त्यामुळे टिपायचं ते लगेच." कागदावर तेलाचे मोठे ठसे उमटले होते. मामा ते ठसे पाहून म्हणाले, "हे एवढं मी खात होतो?" आणि टिपलेली एक फोड तोंडात टाकून डोळे मिटले.

"आता ते आणा," बायको म्हणाली.

"काय?"

"ती बाटली."

भाच्याने फ्रिजमधून मेयोनीज आणलं. तळाशी दोन बोटं उरलं होतं. बायकोने मामांना विचारलं, रोज किती घेता. मामांनी प्रामाणिकपणे मोठा चमचा उचलला, भरला, दुसरा भरला, आणि तिसऱ्याला मामींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की चमचा हवेतच राहिला. दोन चमचे काट्यावर ठेवले. तीस ग्रॅम. मागची बारीक अक्षरं भाच्याने स्वतः वाचली, भिंग न लावता, कारण आता त्याला दिसायला लागलं होतं. दोनशे कॅलरी. आत तीन-चतुर्थांश तेलच.

यंत्राने माणशी साठ-सत्तर वाचवल्या होत्या. बाटलीने त्याच्या तिप्पट परत दिल्या होत्या. वर एकाच्या जागी तीन बशा, कारण बिनतेलाचं. पाकिटातल्या फोडींचं तेल वेगळं. सगळं मिळून मामांच्या गुडघ्यावर आणलं कोणी, हे सांगायला कुठल्याही काट्याची गरज नव्हती.

"तेलाच्या दाराला कडी लावली," भाचा शेवटी म्हणाला, "आणि खिडकीतून मीच आत घेतलं."

"खिडकी नाही रे," मामा म्हणाले. "तू रोज हातात घेऊन आलास, पुढच्या दाराने. मी तर अगत्याने या या म्हणालो. चूक दोघांची आहे. पण तुझी जास्त दिसते, कारण तुला पगार त्याचाच मिळतो."

मग मामांनी स्वतःच ठरवलं, आणि ठरवताना ते खुर्चीवरून उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले, भिंतीला धरून. "हे बघा," ते म्हणाले, "मला ते कोरडं रोज नको. आवडत नाही आणि म्हणून पोट भरत नाही; पोट भरत नाही म्हणून मी अजून मागतो. रोजच्या दिवशी मामी एक मूठ बटाटे त्या पेटीत करील, बाटली नाही, चटणी लावून. आवडलं तर बरं, नाही तर चहा आहे. आणि रविवारी कढई. एवढीच बशी." त्यांनी ओंजळ केली. ओंजळ मोठी होती. मामींनी त्यांची बोटं आत मिटवून ती लहान केली. "एवढी," मामी म्हणाल्या. मामांनी विरोध केला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कमरेतला इंच खाल्लेला माणूस स्वतःच्या बशीतला इंच मुकाट सोडून देत होता, आणि हे पाहणाऱ्यांपैकी कोणालाच हसावंसं वाटेना.

मामींनी मग यंत्राची भीती सोडली. पहिल्या आठवड्यात टोपली हलवायला विसरल्या, एका बाजूने काळ्या झाल्या. पुढे हात बसला. त्यात त्यांनी कोबी भाजला, भाजलेल्या पावाच्या कडा कुरकुरीत केल्या, वांग्याचे काप केले. कांद्याची चकती मात्र त्यांनी त्या पेटीला पुन्हा कधी दाखवली नाही. रविवारी त्या कढई ठेवत, तेल पुरेसं तापू देत, एक फोड टाकून बघत, आणि ती बुडबुड्यांसकट वर आली की बाकीच्या सोडत. मामा दाराशी बसून बघत. शेवटची फोड ते अर्धी मामींना देत. हे पूर्वी नव्हतं.

भाच्याला हे सगळं ऐकूनच कळलं, कारण त्याच सुमारास खात्याने त्याला आसपासच्या बाजारांचे काटे तपासायला फिरतीवर धाडलं. फिरतीवरून तो रोज संध्याकाळी फोन करी. "मामा, वजन?" मामा म्हणत, "उतरतंय." "किती?" "डॉक्टर सांगतील." गिऱ्हाईकाला खरा आकडा न सांगायची त्यांची सवय त्यांनी भाच्यावरही चालवली.

डॉक्टरांची यादी भरायच्या आत तो परत आला आणि थेट त्यांच्याकडे गेला. तिथे मामा काट्यावर उभे होते, मामी त्यांची काठी धरून. डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलं, मग कागद ओढून तारीख लिहिली.

शस्त्रक्रिया झाली. पुढच्या कितीतरी दिवसांत मामा व्यायाम करताना परिचारिकेला शिव्या देत आणि नंतर तिच्या गणवेशाचा खांदा नीट बसत नाही म्हणून तो दुरुस्त करून द्यायचं कबूल करत. आणि एका सकाळी ते जिना उतरले. एक पायरी, एक थांबणं, पण कोणी धरलेलं नव्हतं. मामींनी दुकानाचं दार उघडलं. मामांनी मशीनवरची चादर काढून झटकली. धूळ उडाली, भाचा खोकला. पायपट्टीवर त्यांनी पाय ठेवला, मग काढून घेतला, आणि डॉक्टरांनी सांगितलेली मोटर कुठे बसेल ते वाकून बघितलं. "कधीतरी पटवून घ्यावं लागेल तिच्याशी," ते पुटपुटले.

भाचा समोरच्या स्टुलावर बसला. फिरतीत बाहेरचं खाऊन त्याचा शर्ट आणखी घट्ट झाला होता. मामींनी वरून दोघांना चहा आणला आणि त्याच्याबरोबर बशी. कोणत्या पद्धतीच्या फोडी ते चावल्याखेरीज सांगता येणार नाही अशा. रविवार नव्हता, म्हणजे पेटीच्या असणार. भाच्याने एक खाल्ली. खरंच बरी लागली. मामींना जमलं होतं ते.

त्याच्या मनात एक गोष्ट सारखी सलत होती. एवढा खर्च, धूर, काटा, तेलाची वजाबाकी. शेवटी श्रेय कोणाला हे त्याला कळायलाच हवं होतं. कचेरीत दोघे सहकारी त्याला विचारत होते की असलं यंत्र घेऊ का, आणि त्यांना काय सांगावं हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"मामा, खरं सांगा," तो म्हणाला. "लाज धरू नका. वजन उतरलं ते पेटीमुळे, की कढई रविवारवर आणली म्हणून, की ती बाटली बंद झाली म्हणून?"

मामांनी सुईत दोरा ओवला, दाताने तोडला आणि त्याच्याकडे न बघताच म्हणाले,

"तू फिरतीवर गेलास म्हणून."